पहाटे साडेतीनला नेमकं काय झालं?

१० जानेवारी २००८. न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेतीन वाजले होते. फॉग क्रीक नावाच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे सर्व्हर सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या फोनवर मेसेज येऊ लागले. सर्व्हरवर पहारा ठेवणारी नागिओस ही यंत्रणा काहीतरी बिघडल्याचं कळवत होती. तो अंधारातच उठला. त्या गडबडीत शांत झोपलेल्या त्याच्या कुत्रीला धक्का लागला. ती चिडून बाहेर गेली, तिथे जमीन ओली केली आणि परत येऊन झोपली. अभियंता दुसऱ्या खोलीत संगणकासमोर बसला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कंपनीच्या तीन डेटा सेंटरपैकी मॅनहटनमधलं एक इंटरनेटवरून दिसतच नाहीये.

ही कुत्री जगाला माहीत झाली, कारण बारा दिवसांनी कंपनीचा एक संस्थापक जोएल स्पोल्स्की याने त्या रात्रीची सगळी हकिगत आपल्या संकेतस्थळावर लिहून टाकली. सेवा बंद पडली, चूक आमचीच होती, ती का झाली आणि आता आम्ही काय बदलतो आहोत, हे सगळं त्यात होतं. ज्या कंपन्यांनी पैसे मोजून ती सेवा घेतली होती त्यांनी ते वाचलं, आणि ज्या घेऊ की नको अशा विचारात होत्या त्यांनीही वाचलं.

एखाद्या कंपनीच्या मालकाने स्वतःच्या फजितीची हकिगत गिऱ्हाइकांना का सांगावी, हे कळण्यासाठी आधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून पाहायला हवं.

घरासाठी मिक्सर घेताना चूक झाली तर दोन-चार हजार रुपये जातात. कंपनीसाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याने निवडलेल्या सॉफ्टवेअरवर उद्या पन्नास माणसं काम करणार असतात, कंपनीची माहिती त्यात साठणार असते, आणि ते बंद पडलं तर साहेब त्यालाच बोलावून विचारणार असतात, ‘हे कुणी घ्यायला सांगितलं होतं?’ विकणारी कंपनी नवी आणि दहा-बारा माणसांची असेल तर भीती आणखी वाढते. ही मंडळी दोन वर्षांनी असतील का? रात्री काही बिघडलं तर फोन कोण उचलेल? माहितीपत्रकात याची उत्तरं नसतात. प्रत्येक कंपनीचं माहितीपत्रक सारखंच गोड असतं, त्यामुळे ते वाचून दोन विक्रेत्यांत फरक करता येत नाही. मग सावध माणूस मोठ्या, जुन्या, महागड्या कंपनीकडे जातो. तिचं सॉफ्टवेअर चांगलं असतं म्हणून तो जातोच असं नाही. तिची निवड केल्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नाही, हे कारण त्याला पुरेसं असतं.

या भिंतीला स्पोल्स्कीने लेखणीने खिंडार पाडलं. कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या संस्थापकाने स्वतः लिहून विश्वास कसा मिळवावा आणि तो मार्ग कुठे संपतो, या दोन्ही गोष्टी त्याच्या दहा वर्षांत जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या क्वचितच कुठे दिसतात.

स्पोल्स्की पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेल बनवणाऱ्या चमूत होता. मार्च २००० मध्ये त्याने ‘जोएल ऑन सॉफ्टवेअर’ या नावाने इंटरनेटवर लेख लिहायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी मायकेल प्रायर या सहकाऱ्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये फॉग क्रीक काढली. लेखन आधी आणि विक्री नंतर, असा तो क्रम होता. कंपनीचं मुख्य उत्पादन फॉगबग्ज. सॉफ्टवेअर बनवताना सापडणाऱ्या चुकांना त्या धंद्यात बग म्हणतात. कुठला बग कुणी कळवला, तो कुणाकडे सोपवला, दुरुस्त झाला की नाही, याची नोंदवही म्हणजे फॉगबग्ज.

ऑगस्ट २००० मध्ये त्याने ‘जोएल टेस्ट’ हा लेख लिहिला. कुठलाही सॉफ्टवेअर चमू किती नीट काम करतो हे तपासायला त्यात बारा प्रश्न होते, सगळे हो किंवा नाही असं उत्तर देण्याजोगे. एका पायरीत तयार सॉफ्टवेअर बांधता येतं का? प्रोग्रॅमरना शांत जागा मिळते का? मुलाखतीत उमेदवाराकडून कोड लिहून घेता का? बारापैकी बारा म्हणजे उत्तम, अकरा चालतील, दहा किंवा कमी म्हणजे दुखणं गंभीर आहे. ही परीक्षा जगभरच्या प्रोग्रॅमरनी आपापल्या कंपनीला लावून पाहिली. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारच मालकाला विचारू लागले, ‘तुमचा आकडा किती?’

यातला चौथा प्रश्न होता, ‘बगची नोंद ठेवता का?’ फॉग क्रीक पुढे हीच वस्तू विकणार होती. इथे एखाद्या विक्रेत्याने आपल्या मालाचं नाव पुढे केलं असतं. स्पोल्स्कीने काय लिहिलं? की ही नोंद फार गुंतागुंतीची असण्याची गरज नाही, पाच रकान्यांचा साधा तक्ता पुरतो. बग पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काम कुणाकडे आहे, आणि दुरुस्त झालं का. बस्स.

या पाच रकान्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे. ज्याला ते पटलं त्याने त्या दिवशी कागदावर किंवा एक्सेलमध्ये तक्ता काढला आणि एक पैसाही न देता कामाला लागला. फॉग क्रीकचं गिऱ्हाईक तेवढ्यापुरतं गेलं. पण सहा महिन्यांनी तक्त्यात आठशे ओळी झाल्या, दोघं एकाच वेळी तो उघडू लागले, कुणाची तरी नोंद पुसली गेली, तेव्हा त्या माणसाला आठवण कुणाची होणार? ज्याने तक्ता फुकट शिकवला त्याची. शिवाय आपला माल सध्या घेऊ नका असं सांगण्याइतका हा माणूस सरळ आहे, हेही त्याच्या मनात बसलेलं असतं. गिऱ्हाईक सावध असलं की ते विक्रेत्याच्या प्रत्येक वाक्यामागे त्याचा फायदा शोधतं. ज्या वाक्यात विक्रेत्याचा तोटा दिसतो, त्यावर त्याचा विश्वास लवकर बसतो.

दुसरा लेख डिसेंबर २००४ चा, सॉफ्टवेअरच्या किमतींवरचा. त्यात स्पोल्स्कीने एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. बाजारात हजार डॉलरच्या आतलं सॉफ्टवेअर भरपूर मिळतं आणि पंचाहत्तर हजार डॉलरच्या वरचंही मिळतं, मधे मात्र जवळजवळ शुकशुकाट असतो. कारण हजार डॉलरपर्यंतची खरेदी विभागप्रमुख स्वतःच्या सहीने करू शकतो. त्यापुढे गेलं की अंदाजपत्रकात तरतूद लागते, दोन-तीन ठिकाणची दरपत्रकं मागवावी लागतात, वरच्या सह्या लागतात. एवढ्या सह्या गोळा करायला विक्रेत्याला आपला माणूस विमानाने पाठवावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. त्यातले कित्येक सौदे शेवटी फिसकटतात आणि त्यांचा खर्च जमलेल्या सौद्यांवर चढतो. मग किंमत पंचाहत्तर हजारांच्या खाली ठेवणं परवडतच नाही.

हा लेख वाचला की फॉग क्रीकचा धंदा कसा चालत होता तेही कळतं. वस्तू एका सहीत घेता येण्याजोगी ठेवायची, ९० दिवसांत पसंत पडली नाही तर काहीही न विचारता पैसे परत करायचे, आणि विमानाने फिरणाऱ्या विक्रेत्याचं काम लेखांकडून करून घ्यायचं. लेख वाचणारा प्रोग्रॅमर वस्तू आजमावून पाहणार, साहेबांना सांगणार, साहेब सही करणार. विक्रेता दारात येण्याआधीच ओळख झालेली असणार. संस्थापकाच्या लेखनाचा उपयोग नेमका कुठे होतो, हे एवढ्या हिशेबातून स्पष्ट होतं. आणि पुढे तो कुठे कमी पडणार, त्याचं बीजही याच हिशेबात आहे.

आता पुन्हा त्या जानेवारीतल्या पहाटेकडे.

कंपन्यांना ऑनलाइन सेवा विकताना गिऱ्हाईक एक कागद मागतं, त्याला एसएलए म्हणतात. सेवा वर्षातला किती टक्के वेळ चालू राहील याची ती लेखी हमी. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल. ९९.९९९९ टक्के म्हणजे वर्षाला फक्त अर्धा मिनिट. फॉग क्रीककडेही गिऱ्हाइकं हा कागद मागत होती. स्पोल्स्कीचं म्हणणं होतं की या हमीत फारसा अर्थ नाही. मोठे बिघाड असे असतात की त्यांची आधी कल्पनाच करता येत नाही, त्यामुळे त्यांची टक्केवारी काढता येत नाही. आणि हमी मोडली तर मिळतं काय? समजा, महिन्याला दहा हजार रुपये भाडं आहे आणि सेवा दोन तास बंद पडली. बंद वेळेपुरतं भाडं परत करायचं ठरलं, तर हाती येतात अठ्ठावीस रुपये. पन्नास माणसं दोन तास रिकामी बसली त्याची भरपाई अठ्ठावीस रुपयांत होत नाही.

म्हणून त्याने टक्केवारीच्या हमीऐवजी वेगळा रस्ता धरला. बिघाड झाला की कारण मुळापर्यंत खणायचं आणि ते सगळ्यांसमोर मांडायचं. खणण्याची पद्धत जपानची, टोयोटा समूहाचे जनक साकिची टोयोडा यांच्या नावाने ओळखली जाणारी, ‘पाच वेळा का’ विचारण्याची. त्या रात्रीच्या बिघाडाची पाच उत्तरं त्याने लेखातच दिली. थोडक्यात ती अशी.

डेटा सेंटरशी जोडणी का तुटली? कारण आमच्या स्विचने ते टोक नादुरुस्त समजून बंद केलं. स्विच म्हणजे तारा एकमेकींना जोडणारी पेटी. पेटीने असं का केलं? बहुधा दोन्ही बाजूंच्या उपकरणांचा वेग जुळला नाही म्हणून. तो का जुळला नाही? कारण वेग हाताने ठरवून देण्याऐवजी उपकरणांनी आपसांत ठरवावा असं स्विचमध्ये लावलेलं होतं. तसं का लावलेलं होतं? हा धोका आम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक होता, पण स्विच कसे लावायचे आणि लावल्यावर कुणी तपासायचं, याचा लेखी नियम आमच्याकडे नव्हता. तो का नव्हता? कारण लेखी नोंदी म्हणजे मुख्य माणूस रजेवर असेल तेव्हा इतरांच्या उपयोगाच्या, अशी समजूत होती. खरं तर त्या रोज टिकमार्क करायच्या यादीसारख्या वापरायला हव्या होत्या.

पहिल्या उत्तरावर थांबलं असतं तर दुरुस्ती काय झाली असती? नवा स्विच घेतला असता. तिसऱ्यावर थांबलं असतं तर त्या एका पेटीची मांडणी बदलली असती आणि उरलेल्या पेट्या तशाच धोक्यात राहिल्या असत्या. पाचव्या उत्तराने कामाची पद्धत बदलली. लेख वाचणाऱ्या सावध गिऱ्हाइकाला हाच फरक दिसतो, आणि तो पाहायला त्याला स्विचमधलं काही कळण्याची गरज नाही. बिघाडाचा खुलासा ‘मानवी चूक’ किंवा ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांवर संपला, तर पुढच्या वेळी तेच होणार. काय बदललं ते त्यात सांगितलं असेल, तर तो खुलासा खरा.

असा लेख मालकानेच लिहावा लागतो, याचं कारणही इथे आहे. नोकरीतल्या माणसाला ‘लेखी नियम नव्हता’ असं जाहीरपणे लिहिता येत नाही. त्याला वकिलाला विचारावं लागतं, वरिष्ठांना विचारावं लागतं, आणि त्या फेऱ्यांत वाक्याची धार जाते. ‘आम्ही टक्केवारीची हमी देणार नाही, त्याऐवजी हे करू’ असा निर्णय लेखात जाहीर करण्याचा अधिकार फक्त मालकाला असतो. दुसऱ्याकडून लिहवून घेऊन मालकाचं नाव घातलं की नेमकी हीच वाक्यं गायब होतात आणि लेख पुन्हा माहितीपत्रकासारखा होतो.

पण मालकाचं बोलणं अंगाशीही येतं. सप्टेंबर २००६ मध्ये स्पोल्स्कीने सल्ला दिला की महत्त्वाच्या कामासाठी प्रोग्रॅमिंगची भाषा रुळलेलीच निवडा, जी हजारो लोकांनी वापरून पाहिली आहे अशी. रुबी ऑन रेल्ससारख्या त्या वेळच्या नव्या साधनावर मोठी जोखीम घेऊ नका. त्याच लेखात त्याने सांगून टाकलं की फॉगबग्ज मात्र ‘वसाबी’ या भाषेत लिहिलेलं आहे, आणि ती फॉग क्रीकने स्वतःच घरात तयार केली आहे. म्हणजे जगाला सांगायचं मळलेल्या वाटेने जा, आणि आपण अशा भाषेत काम करायचं जी कंपनीबाहेर कुणालाच येत नाही! वाचक तुटून पडले. जेफ ॲटवुड या प्रोग्रॅमरने तर स्पोल्स्कीचं भान सुटलं की काय, अशा अर्थाचा लेखच लिहिला.

हा राग रास्त होता. सल्ल्यातली विसंगती हे वरवरचं कारण. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मुद्दा व्यवहाराचा होता. उद्या ही भाषा जाणणारी चार माणसं सोडून गेली तर माझं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? सहा वर्षं लेख वाचून जमलेल्या विश्वासाला एका लेखाने तडा गेला, कारण मालक लिहू लागला की त्याच्या कंपनीचं प्रत्येक काम त्याच्याच शब्दांवर घासून पाहिलं जातं. फॉग क्रीकने पुढे वसाबी सोडून दिली. ॲटवुड मात्र दूर गेला नाही. २००८ मध्ये त्याने आणि स्पोल्स्कीने मिळून स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपल्या अडचणी विचारत आले. उघड लिहिणाऱ्याला उघडच झोडपता येतं, आणि तसं झोडपणाऱ्याबरोबर पुढे कामही करता येतं.

मग हा मार्ग संपतो कुठे? त्याचं उत्तरही स्पोल्स्कीनेच दिलं. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘इंक’ या अमेरिकी मासिकातल्या आपल्या सदरात त्याने कबूल केलं की त्याच क्षेत्रातली एक प्रतिस्पर्धी कंपनी आपल्याहून कितीतरी वेगाने वाढते आहे आणि आपण मागे पडत आहोत. ती कंपनी म्हणजे ऑस्ट्रेलियाची ॲटलासियन. मार्च २०१० मध्ये त्याने त्याच मासिकात जाहीर केलं की दहा वर्षं पूर्ण झाली की तो नियमित लेखन थांबवणार. १७ मार्चला त्याने ते थांबवलं.

कारण सरळ होतं. त्याचे लेख प्रोग्रॅमर वाचत. ज्यांना त्या लेखांमुळे फॉगबग्ज घ्यायचं होतं, त्यांनी ते घेऊन झालं होतं. लेख न वाचणारे व्यवस्थापक, खरेदी विभाग, मोठ्या कंपन्यांतले हिशेबनीस यांच्यापर्यंत आणखी शंभर लेख लिहूनही पोहोचता आलं नसतं. त्यांच्यासाठी विक्रीची माणसं हवी होती, आणि ‘तुमच्यात अमुक सोय नाही म्हणून आम्ही घेत नाही’ असं म्हणून परत गेलेल्यांची यादी घेऊन त्या सोयी बनवायला हव्या होत्या. किमतींच्या लेखात त्याने ज्या सह्यांची रांग दाखवली होती, ती लेखांनी ओलांडता येत नव्हती. लेखनाने दार उघडलं होतं, पण आतल्या दहा खोल्यांतल्या माणसांना भेटायला माणूसच जावा लागतो.

यातून लेखन फुकट गेलं असा अर्थ काढू नये. जगातल्या एका शहरातल्या छोट्या कंपनीला जाहिरातीचा मोठा खर्च न करता दहा वर्षं गिऱ्हाइकं मिळाली ती या लेखांमुळे. पण किती लोकांनी लेख वाचला, हा आकडा संस्थापकाला फसवू शकतो. नव्या गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला आमचं नाव कुठून कळलं?’ असं विचारत राहावं. वाचकांचा आकडा वाढतो आहे आणि ‘लेख वाचून आलो’ म्हणणारी गिऱ्हाइकं मात्र तेवढीच आहेत, असं दिसलं की लेखांची हद्द आली असं समजावं.

उघडपणाची सवय मात्र टिकली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने मॅनहटनच्या दक्षिण टोकाला पाणी भरलं. ज्या इमारतीत फॉग क्रीकचे सर्व्हर होते तिच्या तळघरातले डिझेलचे पंप बुडाले आणि वरच्या जनरेटरला इंधन मिळेना. तेव्हा फॉग क्रीकची माणसं, त्याच इमारतीत सर्व्हर असलेल्या स्क्वेअरस्पेस कंपनीची माणसं आणि डेटा सेंटरचे कर्मचारी जिन्यात साखळी करून उभे राहिले आणि डिझेलच्या बादल्या हातोहात सतरा मजले वर चढवू लागले. सेवा चालू राहील की बंद करावी लागेल, हे गिऱ्हाइकांना त्या काळातही वेळोवेळी कळवलं जात होतं.

फॉग क्रीकमध्येच तयार झालेलं ट्रेलो हे कामांची यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर जानेवारी २०१७ मध्ये ४२ कोटी ५० लाख डॉलरना विकलं गेलं. घेणारी कंपनी होती ॲटलासियन. जानेवारी २००८ चा तो लेख, कुत्रीसह, आजही इंटरनेटवर वाचायला मिळतो. पुण्यात, नाशकात किंवा आणखी कुठे जे कंपन्यांना सॉफ्टवेअर विकतात त्यांनी तो एकदा वाचावा, आणि आपल्याकडची सेवा शेवटची कधी बंद पडली होती ते आठवून पाच वेळा ‘का’ लिहून पाहावं. आणि जे सॉफ्टवेअर विकत घेतात त्यांनी पुढच्या विक्रेत्याकडे माहितीपत्रकाआधी हाच कागद मागावा.